हुद्दे, सैन्यदलांतील

भूदल, नौदल आणि हवाई दल यांतील अधिकाऱ्यांच्या श्रेणी एकमेकींशी जुळतात. नावे मात्र वेगळी असतात. सर्वाधिक घोटाळा ‘कॅप्टन’ या हुद्द्याचा होतो. भूदलातील कॅप्टन हा मेजरच्या खालचा तरुण अधिकारी, तर नौदलातील कॅप्टन भूदलाच्या कर्नलच्या बरोबरीचा.

याचे मूळ कामात आहे. युरोपात जमिनीवर कॅप्टन शंभरेक शिपायांच्या कंपनीचा प्रमुख असे, आणि अनेक कंपन्यांची पलटण कर्नलकडे असे. समुद्रावर मात्र अख्खे जहाज, त्यावरच्या तोफा आणि शेकडो माणसे कॅप्टनच्या हाती असत, त्यामुळे त्याचा दर्जा कर्नलचा ठरला. मराठ्यांकडेही हा भेद होताच: घोडदळाला सरनोबत, तर आरमाराला दर्यासारंग आणि पुढे आंग्र्यांकडे आलेले सरखेलपद.

हवाई दलाची नावे त्या मानाने नवी आहेत. १ एप्रिल १९१८ रोजी ब्रिटिश भूदल आणि नौदल यांचे विमानविभाग एकत्र करून रॉयल एअर फोर्स उभे राहिले. सुरुवातीला भूदलाचेच हुद्दे चालले. ऑगस्ट १९१९ पासून नव्या दलाने स्वतःची नावे घेतली. फ्लाइट, स्क्वाड्रन, विंग, ग्रुप या विमानांच्या तुकड्यांवरून फ्लाइट लेफ्टनंट, स्क्वाड्रन लीडर, विंग कमांडर, ग्रुप कॅप्टन असे हुद्दे बनले. यांतली काही नावे नौदलाच्या विमानविभागात आधीपासून रुळलेली होती. १९३२ साली स्थापन झालेल्या भारतीय हवाई दलाने हीच पद्धत घेतली.

तुलनेसाठी परिचित उदाहरण सचिन तेंडुलकरचे. २०१० साली त्याला हवाई दलाने मानद ग्रुप कॅप्टन केले. महेंद्रसिंग धोनीला २०११ मध्ये प्रादेशिक सेनेत मानद लेफ्टनंट कर्नल हा हुद्दा मिळाला. लेफ्टनंट कर्नल म्हणजे विंग कमांडर किंवा नौदलाचा कमांडर. ग्रुप कॅप्टन त्याच्या एक पायरी वर, कर्नलच्या बरोबरीचा. म्हणजे नावात ‘कॅप्टन’ असूनही सचिनचा हुद्दा वरचा.

नाव गोंधळात टाकत असेल तर खांदा पाहावा. नौदल आणि हवाई दलात पट्ट्या मोजता येतात: लेफ्टनंट व फ्लाइट लेफ्टनंटला दोन, कमांडर व विंग कमांडरला तीन, कॅप्टन व ग्रुप कॅप्टनला चार. भूदलात पट्ट्या नसतात. कॅप्टनला तीन तारे, कर्नलला अशोकस्तंभाचे सिंह आणि दोन तारे. श्रेणी समान असली तरी एका दलाच्या अधिकाऱ्याला दुसऱ्या दलाच्या तुकडीवर आपोआप हुकूम चालवता येत नाही, ही या तुलनेची मर्यादा.

मुक्ताईनगरसारख्या समुद्रापासून दूरच्या तालुक्यात निवृत्त ‘कॅप्टनसाहेब’ भेटले, तर ते बहुधा मानद कॅप्टन असतात. सुभेदार किंवा सुभेदार-मेजर म्हणून दीर्घ सेवा केलेल्यांपैकी निवडक जणांना २६ जानेवारी किंवा १५ ऑगस्टला हा मान दिला जातो. नौदलात त्याच्या तोडीचा मान मानद लेफ्टनंट, हवाई दलात मानद फ्लाइट लेफ्टनंट.