लहान मुलाच्या त्वचेवरील चिवट चिकटपट्टी काढताना

रक्ततपासणीनंतर मुलाच्या कोपराच्या आतल्या बाजूस लावलेली कापडी चिकटपट्टी वर उचलून ओढली, की तिच्याबरोबर त्वचाही खेचली जाते. तान्ह्या बाळांच्या त्वचेचे थर एकमेकांना सैलसर जोडलेले असल्याने वरचा पापुद्रा निघण्याचा धोका अधिक असतो.

तेलामुळे गोंद मऊ पडून त्याची पकड सुटते. खोबरेल तेल चालते. थंड देशांत ते गोठलेले असते, तेव्हा तळहातावर चोळून पातळ करावे. मोहरीचे तेल त्वचेला झोंबते, म्हणून ते टाळावे. कापसाच्या बोळ्याने तेल पट्टीच्या कडांवर लावून पाचेक मिनिटे थांबावे. घाई होते ती येथेच. मग एक कोपरा सोडवून पट्टी स्वतःवरच दुमडावी आणि त्वचेला समांतर, लव ज्या दिशेने वाढते त्या दिशेने, अगदी हळू मागे न्यावी. दुसऱ्या हाताचे बोट नुकत्याच सुटलेल्या त्वचेवर हलके दाबून ठेवावे. त्वचा ताणून उंचावताना दिसली, तर थांबून त्या रेषेवर आणखी तेल सोडावे.

किंचित लाली थोड्या वेळात ओसरते. ओलसर, चकाकणारा डाग दिसल्यास मात्र पापुद्रा निघाला आहे असे समजावे. तेथे पुन्हा पट्टी चिकटवू नये. उघड्या जखमेत तेल जाऊ देऊ नये. शस्त्रक्रियेनंतरची किंवा सलाईनची सुई धरून ठेवणारी पट्टी घरी काढू नये. शेवटी सौम्य साबणाने तेल धुवावे, अन्यथा नवी पट्टी टिकत नाही.