'हुशार' ते 'लक्षपूर्वक': प्रगतिपुस्तकातला शेरा कसा वाचायचा?

मागच्या वर्षी ताईचं कुटुंब ब्रिटनला गेलं. चौथी झालेल्या भाच्याच्या प्रवेशासाठी तिथल्या शाळेने मागच्या दोन वर्षांची प्रगतिपुस्तकं मागितली, इंग्रजी भाषांतरासह. घरात पीएच.डी. करणारी मीच, म्हणून कच्चं भाषांतर माझ्याकडे आलं. वाटलं, तासाभराचं काम. पण पहिल्याच शब्दाला अडले, आणि एका चुकीचा त्रास भाच्याला झाला. तुम्ही उद्या जुने दस्तऐवज, मुलाखती किंवा फॉर्म वाचणार असाल तर ही चूक तुमच्याही वाट्याला येईल, म्हणून सांगते.

तुलनेसाठी माझं दुसरीचं प्रगतिपुस्तक काढलं. सन 2004. शेऱ्याच्या रकान्यात दोनच वाक्यं: 'हुशार आहे. अक्षर सुधारावे.' भाच्याच्या पुस्तकात 'हुशार' कुठेच नाही. तिथे आहे 'गोष्ट लक्षपूर्वक ऐकतो', 'सूचना लक्षपूर्वक ऐकून कृती करतो'. मग भाचा हुशार नाही का? तर तसं नाही. मधल्या काळात रकानाच बदलला.

'हुशार' हा फारसीतून आलेला शब्द. मूळ 'होश', म्हणजे भान. पेशवेकालीन पत्रव्यवहारात 'हुशारीने' राहायचं म्हणजे सावध राहायचं. आजारातून उठलेला माणूस 'आता जरा हुशारी वाटते' म्हणतो, तेव्हा तोच जुना अर्थ डोकावतो. शाळेत आल्यावर मात्र हा शब्द मुलावरचा एक शिक्का झाला. त्यात मूल नेमकं काय करतं हे कळत नाही.

'लक्षपूर्वक' वेगळा. ते क्रियाविशेषण आहे, त्याला क्रियापद लागतंच: लक्षपूर्वक ऐकतो, वाचतो. म्हणजे इथे शिक्का मुलावर नाही, शिक्षकाने पाहिलेल्या कृतीवर आहे. शिक्षण हक्क कायदा 1 एप्रिल 2010 पासून लागू झाला. त्याच वर्षी 20 ऑगस्टच्या शासन निर्णयाने महाराष्ट्रात पहिली ते आठवीसाठी सातत्यपूर्ण सर्वंकष मूल्यमापन आलं. गुणांच्या जागी श्रेणी आल्या आणि एका शेऱ्याच्या जागी वर्णनात्मक नोंदींचे तीन रकाने आले: 'विशेष प्रगती', 'आवड / छंद' आणि 'सुधारणा आवश्यक'. विशेषणाकडून क्रियापदाकडे झालेला हा प्रवास त्या निर्णयामुळे आहे.

माझी चूक झाली ती तिसऱ्या रकान्यात. गणितासमोर नोंद होती: 'शाब्दिक उदाहरणे सोडवताना घाई करतो.' मी मथळ्यासह शब्दशः इंग्रजी केलं. तिकडून ईमेल आला: मुलाला गणितात कोणती अडचण आहे आणि त्यासाठी आजवर कोणती खास मदत दिली? ताई घाबरली. भाचा विचारायला लागला, "मावशी, मी ढ आहे का?"

खरं तर हा रकाना छापीलच असतो आणि तो भरायचाच असतो. वर्गातल्या पहिल्या मुलाच्या पुस्तकातही तिथे काहीतरी लिहिलेलं असतं. याचा पुरावा त्याच पानावर होता: गणिताची श्रेणी अ-2, म्हणजे 81 ते 90 टक्के. मी श्रेणीचा तक्ता जोडलाच नव्हता, त्यामुळे वाचणाऱ्याला ही विसंगती दिसणार कशी?

आणखी एक गोष्ट तपासा. नमुना नोंदींच्या याद्या आणि पुस्तिका शाळांमध्ये फिरतात आणि घाईच्या दिवसांत शिक्षक त्यातून वाक्यं उतरवतात. ओळखायचं कसं? दोन सत्रांची पानं शेजारी ठेवा. तेच वाक्य त्याच शब्दांत दोन्हीकडे असेल, तर ते यादीतलं असण्याची शक्यता मोठी. भाच्याचं 'लक्षपूर्वक ऐकतो' दोन्ही भाषांत आणि दोन्ही सत्रांत होतं. घाईची नोंद मात्र एकदाच, एकाच विषयात. म्हणजे बाईंनी स्वतः पाहून लिहिलेलं बहुधा तेच वाक्य, आणि मी त्याचीच तक्रार करून टाकली होती!

शेवटी काय केलं? भाषांतर शब्दशःच ठेवलं, कारण प्रमाणित भाषांतरात आपल्या पदरचं घालता येत नाही. 'लक्षपूर्वक'चं 'अटेंटिव्ह' असं विशेषण न करता क्रियापदासकट ठेवलं. श्रेणीचा तक्ता जोडला. मुख्याध्यापकांकडून अर्ध्या पानाचं वेगळं पत्र घेतलं: हे रकाने कोणते, कोणासाठी भरतात, कधीपासून. त्यानंतर शाळेचं उत्तर दोन ओळींचं आलं, आणि भाच्याला त्याच्या वयाच्या नेहमीच्या वर्गात बसवलं.

माझ्या पुस्तकातल्या 'हुशार'साठी मात्र मला अजून शब्द ठरवता आलेला नाही. 'इंटेलिजंट' म्हटलं तर बुद्धी मोजल्यासारखं वाटतं, 'क्लेव्हर'मध्ये थोडी चलाखी येते. 'ब्राइट' त्यातल्या त्यात जवळचा. पण त्या बाईंना साठ मुलांची पुस्तकं भरायची होती आणि शेऱ्याला एकच ओळ होती. हे कळल्याशिवाय त्या शब्दाचं वजन कुठल्याच भाषेत कळणार नाही. म्हणून सुटा शेरा कधी वाचू नका. आधी कोरा फॉर्म मिळवा, मग भरलेला वाचा.