शंभराच्या खाली राहणारा आकडा

बारावीच्या रसायनशास्त्राच्या जर्नलमध्ये स्फटिक तयार करण्याच्या प्रयोगाखाली शेवटी एक ओळ असते : यील्ड, इतके ग्रॅम. काही शिक्षक पुढे आणखी एक आकडा मागतात, शेकडा यील्ड. प्रत्यक्ष हाती आलेले वस्तुमान भागिले समीकरणानुसार यायला हवे होते ते वस्तुमान, गुणिले 100. या अपूर्णांकातला अंश फार जुना आहे. मीठ, तुरटी, सोरा करणाऱ्याने आपला माल कायम तोलून पाहिला. छेद मात्र अठराव्या शतकाच्या अखेरीपर्यंत कोणालाच नीट लिहिता येत नव्हता. शेकडा यील्डची कुळकथा ही खरे तर या छेदाची कथा आहे.

छेद नसताना काम कसे चालते हे आपल्याकडच्या साखर कारखान्यात आजही दिसते. तिथे उतारा 11 टक्के म्हणजे 100 किलो उसामागे 11 किलो साखर. तुलना कच्च्या मालाच्या वजनाशी आहे. त्या उसात मुळात 13 टक्के साखर असेल, तर निघू शकणाऱ्या साखरेपैकी सुमारे 85 टक्केच बाहेर आली, हे उतारा सांगत नाही. रसायनाच्या कारखान्यांतला जुना हिशेब असाच होता : इतक्या शेर मालामागे इतके शेर. त्यातून गेल्या महिन्यापेक्षा या महिन्यात बरे झाले का ते कळते. आणखी किती निघायला हवे होते ते कळायला काय मिसळले तर किती बनते याचा पक्का नियम लागतो.

तो नियम शोधायला बसला येरेमियास बेन्यामिन रिश्टर. क्योनिग्सबर्गला शिकलेला हा गृहस्थ रसायनशास्त्र म्हणजे गणिताचीच शाखा असे मानणारा होता, आणि त्याच्या 1789 च्या प्रबंधाचा विषयही रसायनात गणिताचा वापर हाच होता. 1792 मध्ये त्याने रासायनिक मोजमापाच्या आपल्या ग्रंथाचा पहिला भाग छापला आणि या विद्येला स्टॉइकिओमेट्री हे नाव दिले. त्याच्या हाती एक साधे निरीक्षण होते. दोन उदासीन क्षारांचे द्राव मिसळले, त्यांच्यात अदलाबदल झाली आणि नवे क्षार बनले, तरी मिश्रण उदासीनच राहते. आम्ल उरत नाही, अल्कलीही उरत नाही. याचा अर्थ, ठरावीक वजनाच्या आम्लाला प्रत्येक अल्कलीचे ठरावीक वजन पुरते. इतका मोठा विचार त्याने इतक्या दुर्बोध भाषेत मांडला, आणि त्या वजनांत अंकगणिती व भूमितीय श्रेढी शोधण्याच्या नादात इतका गुंतवून ठेवला, की समकालीनांनी तो फारसा वाचलाच नाही.

त्याला वाचनीय केले बर्लिनच्या एर्न्स्ट गॉटफ्रीड फिशरने. 1802 मध्ये त्याने रिश्टरचे विखुरलेले आकडे एकाच तक्त्यात आणले. गंधकाम्लाचे 1000 भाग धरले, तर त्यांना पुरायला चुना 793, सोडा 859, पोटॅश 1605, असा तो तक्ता. यातला सोडा म्हणजे आपण ज्याला Na₂O म्हणू तो कोरडा अल्कली, आणि आम्लही तसेच पाणी वगळून, म्हणजे SO₃. हातातल्या सोड्यापासून किती सोडियम सल्फेट बनायला हवे हे आता कोणीही त्रैराशिकाने काढू शकत होता.

पण छेद मिळाला म्हणजे तो बरोबर मिळाला असे नव्हे. फिशरच्या तक्त्यानुसार 859 भाग सोड्यापासून 1859 भाग सल्फेट, म्हणजे 100 ग्रॅमपासून सुमारे 216 ग्रॅम. आजच्या रेणुवस्तुमानांनी (62 पासून 142) तेच उत्तर 229 येते. त्या काळी एखाद्याने अगदी निर्दोष काम केले असते, थेंबही सांडला नसता, तर त्याचा यील्ड 106 टक्के आला असता. शंभराच्या वर गेलेला आकडा दिसला की आपण आधी विद्यार्थ्याकडे संशयाने पाहतो. इथे मात्र दोष तक्त्याचा आहे. पुढच्या पंचवीस वर्षांत बर्झेलियसने अणुवस्तुमाने पुन्हा पुन्हा मोजून सुधारली, त्याचा एक परिणाम असा की अशा हिशेबातली चूक तक्त्यातून निघून काम करणाऱ्याच्या हाताकडे सरकली.

छेद काढण्याची मेहनत कमी केली ती विल्यम हाइड वोलस्टनने, 1814 मध्ये. त्याने लंडनच्या रॉयल सोसायटीच्या नियतकालिकात एक सरकपट्टी मांडली. मधल्या सरकत्या पट्टीवर लॉगॅरिदमी आकडे आणि दोन्ही कडांच्या स्थिर भागांवर पदार्थांची नावे, प्रत्येक नाव आपल्या तुल्यभाराच्या जागी. ऑक्सिजन 10 धरलेला. हातात पदार्थ जितका असेल तो आकडा सरकवून त्याच्या नावासमोर आणायचा. मग त्यापासून बनू शकणाऱ्या प्रत्येक क्षाराच्या नावासमोर त्याचे अपेक्षित वजन आपोआप उभे राहते. कागद-पेन्सिल नको, त्रैराशिक नको. आजही मला ही रसायनशास्त्रातली सर्वांत देखणी युक्ती वाटते, कारण अणू खरोखर असतात की नाही या वादात न पडता ती काम करते. वोलस्टनने मुद्दाम तुल्यभार हा शब्द वापरला. शेकडा यील्डलाही अणूंची गरज नाही, प्रमाण पुरते.

एक गोष्ट मात्र लागतेच, ती म्हणजे पदार्थ कोणता हे माहीत असणे. 1856 मध्ये अठरा वर्षांच्या विल्यम पर्किनला लंडनमध्ये अ‍ॅनिलीनपासून जांभळा रंग मिळाला. काळ्या गाळातून तो फार थोडा निघत होता हे त्याला दिसत होते, पण शेकडा किती हे सांगायला समीकरण नव्हते, कारण त्या रंगाची रचनाच ठाऊक नव्हती. ती नीट उलगडायला 1994 साल उजाडले.

पर्किनच्या काळापर्यंत एक समजूत रूढ झाली होती. समीकरण म्हणते तितके मिळाले नाही, तर उरलेले कुठेतरी सांडले, जळले किंवा काम अर्धवट राहिले. ती मोडली 1862 च्या सुमारास मार्सेलँ बर्थेलो आणि लेओं पेआँ द साँ-जिल यांनी. त्यांनी अ‍ॅसेटिक आम्ल आणि अल्कोहोल समान मोल प्रमाणात घेऊन एस्टर बनवले. समीकरण म्हणते की 60 ग्रॅम आम्ल आणि 46 ग्रॅम अल्कोहोल यांपासून 88 ग्रॅम एस्टर व्हावे. बंद नळ्यांत कितीही वेळ ठेवले तरी क्रिया सुमारे दोन तृतीयांशावर, म्हणजे 59 ग्रॅमच्या आसपास, थांबत होती. उलट बाजूने एस्टर आणि पाणी घेऊन सुरुवात केली, तरी मिश्रण त्याच ठिकाणी येऊन स्थिरावे. काही सांडले नव्हते. क्रियेने स्वतःच तिथे समतोल गाठला होता. आम्लाच्या तिप्पट मोल अल्कोहोल घेतले तर तोच आकडा आम्लाच्या हिशेबाने 90 टक्क्यांपर्यंत चढतो, आणि तयार होणारे पाणी काढत राहिले तर आणखी वर जातो. म्हणजे शंभरापासूनचे अंतर आता दोन हिश्श्यांत वाटले गेले. एक हिस्सा हाताचा, दुसरा निसर्गाचा. दोन्ही वेगळे काढल्याशिवाय नुसत्या टक्केवारीवरून कोणाला नावे ठेवता येत नाहीत.

हा आकडा प्रयोगाच्या कृतीचा नेहमीचा भाग झाला तो सेंद्रिय रसायनात, आणि त्याला सार्वजनिक तपासणीची शिस्त लागली ती एका अडचणीतून. पहिल्या महायुद्धात जर्मनीहून येणारी रसायने बंद झाली. तेव्हा इलिनॉय विद्यापीठातले विद्यार्थी उन्हाळ्याच्या सुट्टीत ती प्रयोगशाळेतच बनवू लागले. त्यातून जमलेल्या कृती रॉजर अ‍ॅडम्स आणि सहकाऱ्यांनी 1921 पासून ‘ऑर्गॅनिक सिंथेसेस’ या वार्षिकात छापल्या. त्याचा दंडक असा की लेखकाने पाठवलेली कृती दुसऱ्या प्रयोगशाळेत कोणीतरी पुन्हा करून पाहायची, आणि यील्ड ग्रॅममध्ये व सैद्धांतिक यील्डच्या टक्क्यांमध्ये द्यायचा. तोही बहुधा ‘इतके ते इतके’ अशा पट्ट्यात, एकच झळझळीत आकडा नाही.

आता आपल्या जर्नलकडे. मोहर्स सॉल्टचा प्रयोग घेऊ. हा क्षार कोब्लेन्झच्या कार्ल फ्रीडरिश मोहर या औषधनिर्मात्याच्या नावाचा. 7.0 ग्रॅम फेरस सल्फेट (FeSO₄·7H₂O, 278) आणि 3.5 ग्रॅम अमोनियम सल्फेट (132). पहिल्याचे 0.0252 मोल, दुसऱ्याचे 0.0265. लोह आधी संपणार, म्हणून छेद लोहावरून काढायचा : 0.0252 गुणिले 392, म्हणजे 9.87 ग्रॅम. दोन्ही अभिकारकांचे वजन मिळवून 10.5 ला भागणारी मुले दर वर्षी असतात. तो साखर कारखान्याचा उतारा झाला.

समजा थोडे सल्फ्युरिक आम्ल घातलेला द्राव आटवून, थंड करून, स्फटिक गाळून घेतले, आणि गाळणीखाली 10 मिलिलिटर मातृद्रव उरला. मोहर्स सॉल्ट 20 अंशांना 100 मिलिलिटर पाण्यात सुमारे 27 ग्रॅम विरघळतो, तेव्हा त्या 10 मिलिलिटरमध्ये 2.7 ग्रॅमच्या आसपास अडकले आहे. कितीही नेटके काम केले तरी 7.2 ग्रॅम, म्हणजे 73 टक्के, इतकीच कमाल. बर्फात थंड केले तर विद्राव्यता घटते आणि आकडा थोडा वर सरकतो. स्फटिक पाण्याने धुतले तर खाली येतो, म्हणून अल्कोहोलच्या थोड्या थेंबांनी धुतात.

कोणी 10.4 ग्रॅम, म्हणजे 105 टक्के, असे लिहून आणतो. बहुधा त्याने द्राव जवळजवळ कोरडा होईपर्यंत आटवलेला असतो. त्या ढिगात स्फटिकांबरोबर जास्तीचे अमोनियम सल्फेट, आम्ल आणि पाणीही बसलेले असते. गाळणकागदाच्या घड्यांत दाबून, दुसऱ्या दिवशी आणि तिसऱ्या दिवशी तोलून पाहावे. वजन घटत असेल तर ते पाणी होते. ओव्हनमध्ये सुकवू नये, कारण स्फटिकातले पाणीही निघू लागते आणि लोहाचे ऑक्सिडेशन होऊन फिकट हिरवा रंग तपकिरीकडे झुकतो.

खात्री करायची तर त्याच वर्गातला पोटॅशियम परमँगनेटचा प्रयोग उपयोगी पडतो. आपल्या ढिगातले 3.92 ग्रॅम 100 मिलिलिटरमध्ये विरघळवायचे, आम्ल घालून 10 मिलिलिटर घ्यायचे. शुद्ध क्षाराला 0.02 मोलर परमँगनेट बरोबर 10 मिलिलिटर लागते. 9.1 च लागले, तर ढिगात क्षार 91 टक्के, 10.4 पैकी 9.46 ग्रॅम, आणि खरा यील्ड 96. यातही एक पळवाट उरते : परमँगनेट फेरस लोह मोजते, ते मोहर्स सॉल्टमधले की न बदललेल्या फेरस सल्फेटमधले हे सांगत नाही. त्यासाठी अमोनियमची वेगळी चाचणी करावी लागते, आणि तीही जास्तीच्या अमोनियम सल्फेटमुळे फसू शकते. म्हणून आधी स्फटिक नीट धुवून घ्यावे लागतात.