संकटनिवेदनाचा सारांश

अपघात, माहितीची चोरी किंवा सदोष माल असे काही उघडकीला आले की कंपनी एक अधिकृत निवेदन काढते. त्यातून काय घडले, कंपनीने काय मान्य केले आणि कशाचे उत्तर दिलेच नाही, या तीन गोष्टी वेगळ्या काढून लिहिलेला मजकूर म्हणजे हा सारांश. वृत्तपत्रांच्या डेस्कवर, बँकांमध्ये आणि वकिलांच्या कचेऱ्यांत तो रोज लिहिला जातो. नेहमीच्या सारांशात मूळ मजकूर फक्त आखूड होतो, इथे त्याची फेरमांडणी करावी लागते. निवेदन वकील आणि जनसंपर्क अधिकारी मिळून लिहितात, आणि सर्वांत जड वाक्य कुठे लपवायचे हे त्यांना नेमके ठाऊक असते.

अभ्यासासाठी इक्विफॅक्सचे निवेदन उत्तम आहे. ही अमेरिकेतील पतमाहिती साठवणारी कंपनी. भारतातही ती याच व्यवसायात आहे, त्यामुळे आपल्या कर्जाच्या अर्जामागे तिचा अहवाल असू शकतो. 7 सप्टेंबर 2017 रोजी तिने जाहीर केले, की सुमारे 14 कोटी 30 लाख अमेरिकी ग्राहकांवर ‘संभाव्य’ परिणाम करणारी सायबर घटना घडली आहे. गुन्हेगारांनी संकेतस्थळावरील एका प्रणालीतील त्रुटीचा फायदा घेऊन काही फायली मिळवल्या, हा शिरकाव मेच्या मध्यापासून जुलैपर्यंत चालला आणि 29 जुलैला तो लक्षात आला, असे निवेदन सांगते. नावे, सोशल सिक्युरिटी क्रमांक, जन्मतारखा व पत्ते यांच्यासह ‘काही बाबतींत’ वाहनपरवान्यांचे क्रमांकही गेले. शिवाय सुमारे 2 लाख 9 हजार क्रेडिट कार्डांचे क्रमांक आणि सुमारे 1 लाख 82 हजार ग्राहकांची तक्रारीसोबत दिलेली कागदपत्रे गेली.

पहिल्या भागात, म्हणजे ‘काय घडले’ यात, फक्त कर्ता, क्रिया, काळ आणि आकडा घ्यायचा. ‘तातडीने’, ‘अग्रगण्य’, ‘स्वतंत्र’ ही विशेषणे गाळायची. इक्विफॅक्सने आपण शिरकाव तात्काळ थांबवला आणि नामवंत तपाससंस्था नेमली असे लिहिले होते. सारांशात तपाससंस्था नेमली एवढेच येईल. तारखा मात्र एकीखाली एक मांडाव्यात, कारण निवेदनात त्या मुद्दाम दूरदूर असतात. शोध लागला 29 जुलैला आणि जाहीर झाले 7 सप्टेंबरला, म्हणजे मध्ये 40 दिवस गेले. हा आकडा निवेदनात कुठेच नाही, पण वजाबाकी करायला कोणाच्या परवानगीची गरज नसते.

सर्वाधिक चुका दुसऱ्या भागात होतात. कंपनीने एखादी गोष्ट सांगितली म्हणजे ती मान्य केली असे नवशिका उपसंपादक धरून चालतो. कबुली म्हणजे कंपनीच्या विरोधात जाणारे आणि तिनेच केलेले विधान. स्वतःच्या बाजूचे विधान हा दावा असतो, आणि दाव्याला कबुलीच्या रकान्यात जागा नाही. ‘पतमाहितीच्या मुख्य कोठारात अनधिकृत हालचालींचा पुरावा आढळला नाही’ हे निवेदनातील वाक्य घ्या. त्याचा सारांश ‘मुख्य कोठार सुरक्षित’ असा केला की घात झाला. ‘मुख्य’ कशाला म्हणायचे हे कंपनीनेच ठरवलेले आहे, आणि पुरावा न आढळणे व घटना न घडणे यांत फरक आहे. हे वाक्य घ्यायचेच असेल तर ‘कंपनीचा दावा असा’ म्हणून, तिच्याच शब्दांत घ्यावे.

कबुली तपासण्याची सोपी खूण म्हणजे वाक्याचा कर्ता. इक्विफॅक्सच्या निवेदनात चोरी ‘गुन्हेगारांनी’ केली आणि ‘त्रुटी’ होती, पण ती त्रुटी कोणी राहू दिली हे सांगणारे वाक्य नाही. तत्कालीन मुख्य कार्यकारी अधिकारी रिचर्ड स्मिथ यांनी घटना निराशाजनक असल्याचे म्हटले आणि ग्राहकांची माफी मागितली. ती माफी चिंता व मनस्ताप यांबद्दल होती. निष्काळजीपणाचा त्यात उल्लेख नाही, म्हणून ती दोषाची कबुली ठरत नाही.

त्या रात्रीचा नेटका सारांश असा झाला असता :

काय घडले : मेच्या मध्यापासून जुलैपर्यंत बाहेरच्यांनी इक्विफॅक्सच्या प्रणालीत शिरून ग्राहकांच्या फायली मिळवल्या. कंपनीला हे 29 जुलैला कळले.

काय मान्य : सुमारे 14 कोटी 30 लाख लोकांची माहिती धोक्यात आली असू शकते. शिरकाव कंपनीच्याच संकेतस्थळावरील त्रुटीतून झाला.

काय अनुत्तरित : त्रुटी नेमकी कोणती आणि ती कंपनीला आधी माहीत होती का? शिरकाव इतके आठवडे का दिसला नाही? जाहीर करायला 40 दिवस का लागले? ‘काही बाबतींत’ म्हणजे किती परवाने? निवेदनात ब्रिटन व कॅनडातील ज्या लोकांचा उल्लेख आहे, ते किती?

अनुत्तरित प्रश्न निवेदनाच्या मजकुरातूनच निघायला हवा. तीन वरिष्ठ अधिकाऱ्यांनी ऑगस्टच्या आरंभी शेअर विकल्याची बातमी त्याच सुमारास आली. बातमी मोठी होती, पण ती निवेदनाबाहेरची. ती या रकान्यात घुसवली की सारांश राहत नाही, आरोपपत्र होते. ती शेजारी वेगळी छापावी. त्या अधिकाऱ्यांना विक्रीच्या वेळी चोरीची कल्पना नव्हती, असा निष्कर्ष पुढे संचालक मंडळाच्या समितीने काढला.

सारांश बरा जमला होता की नाही हे पुढच्या उत्तरांवरून कळते. त्रुटी अपाचे स्ट्रट्स या सॉफ्टवेअरमधली होती (क्रमांक CVE-2017-5638) आणि तिच्यावरची दुरुस्ती मार्च 2017 मध्येच उपलब्ध झाली होती. 48 तासांत दुरुस्ती करा असा आदेश कंपनीत फिरलाही, पण ग्राहकांच्या तक्रारी घेणाऱ्या जुन्या प्रणालीत ती झालीच नाही. शिरकाव न दिसण्याचे कारण आणखी घरगुती निघाले. येणारी-जाणारी माहिती तपासणाऱ्या उपकरणाचे प्रमाणपत्र कित्येक महिन्यांपूर्वीच संपले होते. जुलैअखेरीस ते बदलले आणि संशयास्पद हालचाल लगेच दिसू लागली.

आकडेही हलले. एकूण संख्या ऑक्टोबरमध्ये 14 कोटी 55 लाख आणि मार्च 2018 मध्ये जवळपास 14 कोटी 80 लाख झाली. म्हणून पहिल्या आकड्यापुढे ‘7 सप्टेंबरच्या निवेदनानुसार’ असे लिहावे, नाहीतर जुने कात्रण पुढे खोटे ठरते. मे 2018 मध्ये कंपनीने नियामकांना दिलेल्या तपशिलात ‘काही बाबतींत’ या दोन शब्दांचा आकडा मिळाला : 1 कोटी 76 लाख परवाने. तक्रारीसोबतच्या कागदपत्रांत सुमारे 3,200 पासपोर्टही होते.

पहिल्याच दिवशीच्या ‘गुन्हेगारांनी’ या कर्त्याला नावे मिळायला फेब्रुवारी 2020 उजाडले. अमेरिकेच्या न्याय खात्याने तेव्हा चिनी लष्करातील चौघांवर आरोप ठेवले. चीनने ते नाकारले, त्यामुळे आजच्या सारांशातही ते ‘आरोप’ म्हणूनच लिहावे लागतात.