ज्येष्ठांच्या करसवलतीचा मागोवा

आयकराच्या कायद्यात वयाला वेगळे स्थान मिळाले ते १९९२ साली. त्या वर्षीच्या वित्त कायद्याने कलम ८८ ब आणले आणि पासष्टी गाठलेल्या निवासी करदात्याला आकारलेल्या करातून काही भाग माफ होऊ लागला. करमुक्त उत्पन्नाची मर्यादा मात्र सर्वांना सारखीच राहिली. कर आधी सगळ्यांसारखाच मोजायचा आणि मग वयाची सूट त्यातून वजा करायची, अशी ती रीत होती. आज आपण ज्येष्ठांची म्हणून जी वाढीव मर्यादा ओळखतो, तिचे मूळ या माफीत आहे.

ही माफी पुढे ठरावीक रकमेची झाली. २००० साली तिची कमाल १५,००० रुपये होती. २००३ साली जसवंत सिंह यांनी ती २०,००० केली. त्या वर्षीच्या दराने दीड लाखाच्या उत्पन्नावर १९,००० रुपये कर बसे आणि त्यापुढे ३० टक्के. म्हणजे १,५३,३३३ रुपयांपर्यंत उत्पन्न असलेल्या ज्येष्ठाचा सगळा कर माफीत विरून जाई. पेन्शन घेणाऱ्याला प्रमाणित वजावटीचे आणखी ३०,००० मिळत, म्हणून त्याची प्रत्यक्ष करमुक्त रेषा १,८३,००० च्या आसपास पोचे. शिवाय बँकेच्या व्याजासाठी कलम ८० एल होते. त्यात १२,००० रुपयांपर्यंतचे व्याज वजा होई आणि सरकारी रोख्यांसाठी आणखी ३,००० मिळत. करातून माफी, पेन्शनवर वजावट आणि व्याजावर वजावट अशा तीन वेगळ्या वाटांनी निवृत्त माणसाला दिलासा मिळत होता.

२००५ सालच्या अर्थसंकल्पाने या तिन्ही वाटा बंद केल्या. पी. चिदंबरम यांनी ८८ ब रद्द केले, प्रमाणित वजावट काढली आणि ८० एलही संपवले. त्याऐवजी त्यांनी ज्येष्ठांसाठी थेट वेगळी करमुक्त मर्यादा ठेवली. अर्थसंकल्पात ती दीड लाख सुचवली होती. पण ज्या पेन्शनरला आदल्या वर्षी १,८३,००० पर्यंत कर नव्हता, त्याला दीड लाखाची मर्यादा म्हणजे सवलत नव्हे, नवा करच होता. कायदा संमत होताना हा आकडा १,८५,००० झाला. सर्वसाधारण मर्यादा तेव्हा एक लाख होती. म्हणजे वयामुळे मिळणारे अंतर होते ८५,००० रुपयांचे, आणि त्याहून मोठे अंतर ऐंशीच्या आतल्या ज्येष्ठांना पुढे कधीच मिळाले नाही.

व्याजाची वाट मात्र बंदच राहिली. २००४ साली सुरू झालेल्या ज्येष्ठ नागरिक बचत योजनेत ९ टक्के व्याज होते, पण ते पूर्ण करपात्र होते. २०१२ साली कलम ८० टीटीए आले, तेही फक्त बचत खात्याच्या १०,००० रुपयांपर्यंतच्या व्याजासाठी. निवृत्त माणूस आपला फंड आणि ग्रॅच्युइटी मुदत ठेवीत ठेवतो, बचत खात्यात नाही. त्यामुळे ज्याचे घर व्याजावर चालते, त्याला तब्बल तेरा वर्षे त्या व्याजावर कसलीही वजावट नव्हती.

दरम्यान मर्यादा वाढत गेली. २०११ साली प्रणव मुखर्जी यांनी ज्येष्ठत्वाचे वय ६५ वरून ६० वर आणले, मर्यादा अडीच लाख केली आणि ऐंशी पार केलेल्यांसाठी पाच लाखांची वेगळी पायरी बांधली. २०१४ साली अरुण जेटली यांनी ज्येष्ठांची मर्यादा तीन लाखांवर नेली. आकडे वाढले, पण अंतर आक्रसले. सर्वसाधारण मर्यादा त्याच वर्षी अडीच लाख झाली होती, त्यामुळे साठीनंतरचा जास्तीचा टप्पा ५०,००० रुपयांचाच उरला. २०१७ पासून या टप्प्यावरचा दर ५ टक्के झाला. तेव्हापासून तीन लाखांच्या मर्यादेमुळे वाचणारा कर आहे जास्तीत जास्त २,५००, आजचा उपकर धरून २,६०० रुपये. २०१९ पासून तर पाच लाखांपर्यंत एकूण उत्पन्न असलेल्या कोणत्याही निवासी व्यक्तीचा कर कलम ८७ अ खाली माफ होतो. म्हणजे पाच लाखांच्या आतल्या ज्येष्ठाला वाढीव मर्यादेचा उपयोग उरला नाही, आणि त्यावरच्याला तो वर्षाला २,६०० रुपयांचा आहे.

खरा दिलासा परत आला तो २०१८ साली, आणि तोही व्याजाच्याच वाटेने. जेटलींनी कलम ८० टीटीबी आणले. साठी ओलांडलेल्या निवासी व्यक्तीला बँक, सहकारी बँक आणि पोस्ट यांतील ठेवींच्या व्याजातून ५०,००० रुपयांपर्यंत वजावट मिळू लागली. यात बचत खाते, मुदत ठेव, आवर्त ठेव आणि ज्येष्ठ नागरिक बचत योजना हे सगळे येते. कंपनीच्या ठेवी आणि रोखे येत नाहीत. पतसंस्थेकडे बँकेचा परवाना नसतो, म्हणून तिथल्या व्याजावर ही वजावट गृहीत धरू नये. आणि ८० टीटीबी मिळते त्याला ८० टीटीए मिळत नाही.

या वजावटीचे वजन उदाहरणाने कळते. समजा, जिल्हा परिषदेतून निवृत्त झालेल्या एका अडुसष्ट वर्षांच्या गृहस्थांना आर्थिक वर्ष २०२५-२६ मध्ये ४,२०,००० पेन्शन मिळाली. पोस्टातल्या ज्येष्ठ योजनेत त्यांचे १५ लाख आहेत, त्यावर ८.२ टक्क्यांनी १,२३,००० व्याज आले. सहकारी बँकेतील मुदत ठेवीचे ४२,००० आणि बचत खात्याचे ५,००० धरून एकूण व्याज १,७०,००० झाले. जुन्या करप्रणालीत पेन्शनमधून, मधल्या काळात परत आलेली, ५०,००० ची प्रमाणित वजावट जाते आणि ३,७०,००० उरतात. त्यात व्याज मिळवले की ५,४०,००० होतात. वजावट नसती, तर यावर उपकरासह १८,७२० रुपये कर बसला असता. ८० टीटीबीचे ५०,००० वजा केले की उत्पन्न ४,९०,००० वर येते, पाच लाखांच्या आत शिरते, आणि ८७ अ मुळे कर शून्य होतो. वाढीव मर्यादेतून २,६०० वाचतात, तर इथे व्याजाच्या वजावटीने १८,७२० वाचवले.

पण हीच कडा धारदारही आहे. याच गृहस्थांची आणखी एक ठेव असती आणि तिचे २०,००० व्याज आले असते, तर वजावटीनंतरचे उत्पन्न ५,१०,००० झाले असते. पाच लाखांवर केवळ १०,००० रुपये गेले, तरी जुन्या प्रणालीत माफी पूर्ण जाते आणि कर १२,४८० रुपये येतो. वरच्या दहा हजारांपेक्षा कर जास्त. वार्षिक व्याजाचा अंदाज मार्च संपण्याआधी बांधायचा तो यासाठी.

इथे दोन गफलती नेहमी होतात. पहिली म्हणजे व्याज ५०,००० च्या आत आहे म्हणून ते विवरणपत्रात दाखवायचेच नाही. वजावट मिळते ती दाखवलेल्या व्याजातून. आधी सगळे व्याज ‘इतर स्रोतांपासूनचे उत्पन्न’ यात लिहायचे आणि मग खाली ८० टीटीबी घ्यायचे. बँका आणि पोस्ट व्याजाची माहिती आयकर खात्याला पाठवतात आणि ती वार्षिक माहिती विवरणात दिसते. तिथला आकडा आणि आपला आकडा जुळला नाही, तर नोटीस येऊ शकते. दुसरी गफलत टीडीएसची. एप्रिल २०२५ पासून ज्येष्ठांच्या बाबतीत एका बँकेतील व्याज वर्षाला एक लाखापर्यंत असेल, तर टीडीएस कापला जात नाही. आपल्या गृहस्थांच्या सहकारी बँकेने काही कापले नाही, म्हणून तिचे ४२,००० करमुक्त झाले, असे मात्र होत नाही. पोस्टातले व्याज एक लाखावर आहे, तिथे टीडीएस कापला जाईल. अंदाजित कर शून्य येत असेल, तर वर्षाच्या सुरुवातीला १५ एच फॉर्म देऊन तो थांबवता येतो.

आता या वंशवेलीचे शेवटचे पान. २०२० साली आलेली नवी करप्रणाली २०२३ पासून आपोआप लागू होणारी ठरली. तिच्यात वयाला स्थान नाही. तीस वर्षांच्या तरुणाला आणि ऐंशीच्या आजोबांना मर्यादा एकच, आणि ८० टीटीबीही नाही. पण २०२५-२६ पासून तिची मर्यादा चार लाख आहे, पेन्शनवर ७५,००० ची प्रमाणित वजावट आहे आणि १२ लाखांपर्यंतच्या नेहमीच्या उत्पन्नावरचा कर माफ होतो. आपल्या गृहस्थांचे वाढीव व्याज धरले, तरी नव्या प्रणालीत उत्पन्न ५,३५,००० येते आणि कर शून्य. जिथे जुन्या प्रणालीत त्यांना १२,४८० भरावे लागले असते, तिथे इथे काहीच भरावे लागत नाही, आणि कोणतीही वयाची सवलत न घेता. शेअर विकून झालेल्या नफ्याला ही माफी लागू होत नाही, तेव्हा तसे उत्पन्न असलेल्यांनी गणित वेगळे करावे.

यावरून माझे मत असे बनले आहे. १९९२ साली वयाला दिलेला मान आज बहुतेक पेन्शनरांच्या बाबतीत सर्वसाधारण सवलतीत मिसळून गेला आहे. तीन लाखांची मर्यादा २०१४ पासून आणि ८० टीटीबीचे ५०,००० हे २०१८ पासून तसेच आहेत. ८.२ टक्क्यांच्या योजनेत सहा लाखांच्या थोड्या वर ठेव असली, की ती वजावट संपते. नवी प्रणाली बारा लाखांपर्यंत दिलासा देते हे खरे, पण त्यापुढच्या ज्येष्ठाला व्याजावर काहीच मिळत नाही. वाढत्या वयात उत्पन्न वाढवण्याचे मार्ग नसतात आणि व्याजदर आपल्या हातात नसतो. म्हणून व्याजाची वजावट नव्या प्रणालीतही असावी, आणि तिची रक्कम महागाईबरोबर वाढावी.

ते होईपर्यंत वाचकांनी दोन्ही प्रणालींत कर काढून पाहावा. पेन्शन आणि व्याज असणाऱ्याला, व्यवसायाचे उत्पन्न नसेल तर, प्रणाली दर वर्षी निवडता येते. पण जुनी प्रणाली हवी असेल, तर विवरणपत्र मुदतीतच भरावे लागते. मुदत चुकली की त्या वर्षासाठी तीन लाखांची मर्यादाही जाते आणि ८० टीटीबीही.