बंगल्याच्या पायऱ्या

१८१८ नंतर साताऱ्यात इंग्रज रेसिडेंट येऊन बसला, १८४८ साली राज्यच खालसा झालं, आणि गावाबाहेर कॅम्पात गोऱ्या अंमलदारांचे बंगले वाढत गेले. माझे पणजोबा तिथल्याच एका बंगल्यावर पट्टेवाले होते. त्यांच्या गोष्टी आजोबा सांगायचे, आणि त्या गोष्टींत साहेबापेक्षा पायऱ्याच जास्त असायच्या. अर्ज घेऊन आलेला कुणबी खाली मातीत उभा राही. पाटील पहिल्या-दुसऱ्या पायरीपर्यंत येई. वकील, मामलेदार वर व्हरांड्यात येत, पण खुर्ची मिळेलच असं नाही. आतल्या हॉलमध्ये साहेबाच्या बरोबरीचाच माणूस जाई. कोणाला कुठे थांबवायचं हे पणजोबांना तोंडानं सांगावं लागत नसे, एवढं ते जोतं बोलकं होतं.

इतकं उंच जोतं कशाला, असं मी विचारलं की आजोबा म्हणत, "साप-विंचू वर चढू नयेत म्हणून." हे अगदी चूक नव्हतं, पण खरं कारण मला पुढे एका म्हाताऱ्या गवंड्यानं दाखवलं. त्याच कॅम्पातल्या एका जुन्या बंगल्याच्या दुरुस्तीवर तो होता. त्यानं भिंतीच्या पायथ्याशी नख लावलं, तर गिलावा भुशासारखा गळला आणि आत पांढरा लोणा दिसला. "दगड-चुन्याची भिंत ओल पिते," तो म्हणाला. "पिऊ दे. पण सोडायला वाट पाहिजे." पावसाळ्यात जमिनीतली ओल दगडाच्या सांध्यांतल्या चुन्यातून वर चढते. जोतं अडीच-तीन फूट उंच असलं आणि आत मुरूम नीट ठोकून भरलेला असला, तर ती ओल बाहेरच्या दगडी अंगातूनच वाऱ्यावर सुकते आणि खोलीच्या फरशीपर्यंत पोचत नाही. या बंगल्याला मात्र मागच्या मालकानं बाहेरून सिमेंटचा गिलावा चढवला होता. बाहेरची वाट बंद झाली, म्हणून ओल आत आणि वर गेली. डाग खालून चढलेला आणि वरच्या बाजूला जवळजवळ सरळ रेषेत संपलेला असेल तर ती जमिनीची ओल. छपराच्या गळतीचा डाग वरून ओघळतो. हा फरक त्यानं मला हात लावून लावून शिकवला.

व्हरांड्याचं गणित मात्र उन्हाचं. साताऱ्यात मे महिन्यात दुपारी सूर्य थेट डोक्यावर येतो, तेव्हा सगळा ताप छपरावर असतो. हिवाळ्यात तो दक्षिणेला कलतो. वळचण फरशीपासून आठ फुटांवर आणि व्हरांडा दहा फूट खोल असला, तर डिसेंबरातलं भर दुपारचं ऊन फरशीवर सातेक फूट आत येतं आणि भिंतीला शिवत नाही. भिंत तापली नाही की खोली थंड. खरी अडचण पश्चिमेची. उन्हाळ्यात पाचच्या सुमारास ऊन तिरपं होऊन सरळ भिंतीवर चढतं, तिथे कितीही खोल व्हरांडा पुरत नाही. म्हणून त्या बाजूला बांबूचे पडदे आणि वाळ्याचे ताटवे टांगत, त्यांच्यावर पाणी मारायला वेगळा माणूस असे. साहेबाच्या गारव्यामागे असे हात राबत, हे मला विसरवत नाही.

आमच्या वाड्यांतही जोतं होतं, सोपा होता. पण वाड्याचं उघडं अंग आत चौकाकडे असतं आणि रस्त्याकडे जाड भिंत. बंगल्यानं हे उलटं केलं. साहेब चारी बाजूंना दिसत बसला आणि त्याला सगळे दिसत राहिले. पुढे आपल्याकडच्या वकील-डॉक्टरांनी तोच नमुना उचलला. सांगलीत माझ्या आत्याच्या सासऱ्यांनी वाडा सोडून बंगला बांधला, तो असाच. मला त्यात नुसती हौस वाटत नाही. ज्या पायरीखाली बाप उभा राहिला, ती पायरी स्वतःच्या घराला असावी, ही भूकही त्यात होती. गवंड्याला हे पटत नाही. "ओल आधी, मान नंतर," तो म्हणतो.

आत्याला मी जोत्याबद्दल विचारलं तर ती थेट महापुरावर गेली. "जोतं कसलं घेऊन बसलास! २०१९ ला कृष्णा आयर्विन पुलाजवळ सत्तावन्न फुटांवर गेली. आमच्या व्हरांड्यातून होडी नेली असती." इशारा पातळी चाळीस फूट, धोक्याची पंचेचाळीस. असल्या पाण्यापुढे तीन फुटांच्या जोत्याचं काहीच चालत नाही. ते जमिनीची ओल आणि अंगणातलं पावसाचं पाणी अडवण्यासाठी होतं, नदीसाठी नव्हतं. सांगलीची काळी माती पावसात फुगते, उन्हात भेगाळते; पाया वरवर घेतला तर जोतंच तडकतं.

कॅम्पातल्या त्या बंगल्यापुढचा रस्ता डांबराचे थर चढून वर आलाय. दोन पायऱ्या जमिनीखाली गेल्यात आणि पावसाचं पाणी जोत्याला चिकटून उभं राहतं. नव्या मालकाला ओल थांबवायला आणखी सिमेंट हवंय. गवंडी म्हणतो, आधी गुडघ्याइतका गिलावा तोडा, चुन्यात पुन्हा करा, जोत्याभोवती चर खणून पाण्याला उतार द्या, मग बघू. दोघांचं अजून ठरलेलं नाही.