सहाणेवरचं वेखंड: आजीला काय दिसत होतं आणि काय दिसत नव्हतं

आजचा एपिसोड एका वासाबद्दल आहे. नुकतंच बाळ आलेल्या घरात शिरलात की दारातच एक उग्र, थोडासा गोडसर, जुन्या कपाटासारखा वास येतो. तो वेखंडाचा. मी बदलापूरला राहते. इथे, अंबरनाथला किंवा उल्हासनगरच्या कॅम्पांत काष्ठौषधीच्या कुठल्याही दुकानात जाऊन "बाळगुटीचं सामान द्या" म्हणा. हळकुंड, मुरुडशेंग, जायफळ, मायफळ, हिरडा, काकडशिंगी, अतिविष असं सगळं एका पुडीत बांधून मिळतं. त्यात तपकिरी रंगाचा, पेरं पेरं असलेला एक वाळका तुकडा असतो. तेच आपलं वेखंड. उल्हासनगरला मात्र 'बच' म्हणून मागितलंत तर पटकन कळेल. फाळणीनंतर तिथे वसलेल्या सिंधी कुटुंबांतही बाळाला घुट्टी द्यायची पद्धत आहे. म्हणजे नाव वेगळं आणि भाषा वेगळी, पण बाळाच्या जिभेवर जाणारी मुळी बऱ्याचदा हीच.

आता प्रश्न असा की ही मुळी तिथे पोचली कशी, आणि ती तिथे राहावी का?

सुरुवात जुन्या ग्रंथांपासून करू. संस्कृतमध्ये हिचं नाव 'वचा', म्हणजे वाणीशी नातं सांगणारं. सुश्रुत संहितेत नवजात बाळासाठी सोन्याबरोबर चाटवायचे चार योग दिले आहेत, आणि त्यातल्या एकात कुष्ठ, मध, तूप यांच्या जोडीला वचा आहे. वेखंडाने बाळाची वाणी स्वच्छ होते, असं आज आजी म्हणते ना, त्या समजुतीचं मूळ इतकं जुनं आहे.

पुढे १५६३ साली गोव्यात गार्सिया द ओर्ता या पोर्तुगीज वैद्याचं भारतीय औषधींवरचं पुस्तक छापलं गेलं. हा तोच माणूस, ज्याच्याकडे कधीकाळी मुंबई बेट भाडेपट्ट्याने होतं. त्याच्याही पुस्तकात या मुळीवर लिहिलेलं सापडतं. १८२६ साली व्हाइटलॉ एन्स्ली या ब्रिटिश डॉक्टरने तर आणखी मजेशीर नोंद केली. दक्षिणेत लहान मुलांच्या पोटाच्या तक्रारींवर ही मुळी इतकी लागायची, की मध्यरात्री कुणी मागायला आलं आणि दुकानदाराने दार उघडलं नाही, तर त्याला दंड व्हायचा! तमिळमध्ये हिला 'पिळ्ळै वळर्प्पान' असंही म्हणतात. अर्थ काय, तर मूल वाढवणारी.

म्हणजे हा कुणा एका आजीचा हट्ट नाही. हजार-दीड हजार वर्षं, अनेक भाषांमधल्या घरांनी ही मुळी वापरली आहे. मग अडचण कुठे आली?

अडचण आली ती मुळीतल्या तेलात. वेखंडाचा वास ज्या तेलामुळे येतो, त्यात बीटा-असारोन नावाचं एक रसायन असतं. १९६७ साली अमेरिकेत एक प्रयोग प्रसिद्ध झाला, आणि त्यासाठी वापरलेलं तेल होतं आपल्या जम्मूच्या वेखंडाचं. प्रयोगशाळेतल्या उंदरांना हे तेल अन्नात मिसळून दोन वर्षं दिलं. त्यांची वाढ खुंटली आणि त्यांच्या लहान आतड्यात गाठी झाल्या, त्याही कॅन्सरच्या. पुढच्याच वर्षी, १९६८ मध्ये, अमेरिकेने वेखंड आणि त्यापासून काढलेले पदार्थ खाण्यात वापरायला बंदी घातली.

इथे कुणीही म्हणेल, "अहो, ते उंदीर होते, आणि त्यांना तेल दिलं होतं. आम्ही तर नुसतं उगाळून देतो." हा आक्षेप रास्त आहे. वेखंडामुळे माणसाला कॅन्सर झाला, असं थेट कुणी दाखवलेलं नाही. पण एक गोष्ट लक्षात घ्या. हे रसायन यकृतात गेलं की त्याचं रूप बदलतं, आणि ते नवं रूप पेशीतल्या डीएनएला चिकटू शकतं. अशा पदार्थांच्या बाबतीत "इतकं घेतलं तर काहीच होत नाही" अशी पक्की रेघ मारता येत नाही. म्हणून युरोपच्या औषध यंत्रणेच्या समितीने २००५ मध्ये तात्पुरती म्हणून एक मर्यादा सुचवली. वजनाच्या दर किलोमागे दिवसाला साधारण २ मायक्रोग्रॅम असारोन. मायक्रोग्रॅम म्हणजे मिलिग्रॅमचा हजारावा भाग.

चला, आता ही मर्यादा घेऊन सहाणेपाशी बसू.

समजा बाळ ४ किलोचं आहे. त्याच्यासाठी मर्यादा झाली ८ मायक्रोग्रॅम. आजीने वेखंडाचे एक-दोन वळसे दिले आणि समजा २० मिलिग्रॅम मुळी उगाळली गेली. २० मिलिग्रॅम म्हणजे चिमूटभर मिठाचाही अगदी छोटा भाग. आयुर्वेदाच्या सरकारी औषधकोशानुसार चांगल्या वेखंडात तेल निदान २ टक्के असायला हवं. म्हणजे तेल झालं ४०० मायक्रोग्रॅम. त्या तेलात तीन चतुर्थांश बीटा-असारोन असेल, तर बाळाच्या पोटात गेलं ३०० मायक्रोग्रॅम. मर्यादेच्या जवळजवळ ३७ पट! माझा २० मिलिग्रॅमचा अंदाज दुप्पट चुकला असं धरा, तरी १८ पट राहतंच. आणि तीच मर्यादा लहान बाळांसाठी मुद्दाम काढलेली नाही.

"तीन चतुर्थांश कशावरून?" असं विचाराल, तर खरी गोम इथेच आहे. वेखंडाचे प्रकार गुणसूत्रांच्या संख्येवरून पडतात. अमेरिकेतल्या देशी प्रकारात बीटा-असारोन जवळपास नसतंच. युरोपातल्या प्रकाराच्या तेलात ते थोडं असतं. आशियातल्या चौपट गुणसूत्रांच्या प्रकारात मात्र तेलाचा मोठा हिस्सा तेच असतं. भारतात शेवटचे दोन्ही प्रकार सापडतात. आणि वाळलेला तुकडा हातात घेऊन तो कुठल्या प्रकारचा आहे, हे सांगता येत नाही. रंगाने नाही, वासाने नाही, चवीनेही नाही. त्यासाठी प्रयोगशाळाच लागते. उल्हासनगरच्या एका दुकानात मी विचारलं, "भाऊ, हे कुठून येतं?" तो म्हणाला, "ताई, पोत्यातून!" उत्तर अगदी खरं होतं.

आता वैद्यांची बाजूही ऐका, कारण ती आपण बऱ्याचदा विसरतो. त्याच औषधकोशात मोठ्या माणसासाठी वचेची मात्रा आहे फक्त ६० ते १२० मिलिग्रॅम. १ ते २ ग्रॅम दिलं, तर ते उलटी करवण्याचं औषध होतं. शिवाय वापरण्याआधी वचेचं शोधन करायला सांगितलं आहे, म्हणजे ठरलेल्या द्रवांमध्ये तासन्‌तास उकळायचं. शोधनाने बीटा-असारोन कमी होतं, नाहीसं होत नाही. पण पुडीतल्या तुकड्याचं शोधन झालंय की नाही, हे कोण विचारतं? म्हणजे जी परंपरा आपण पाळतो असं म्हणतो, तिच्यातल्या दोन सावधगिरीच्या पायऱ्या घरापर्यंत पोचताना गळून पडल्या.

तरी जुन्या सहाणेत एक शहाणपण होतंच. वळसे मोजायचे, आणि वेखंडाचे सगळ्यात कमी. कारण जास्त झालं की बाळ उलटी करतं, हे बायकांनी पाहिलेलं होतं. आता मात्र तयार पावडर मिळते. चमच्याच्या टोकावर पावडर घेतली, की वळशांचा हिशोब संपला. स्वीडनमध्ये काही लोकांनी नशेसाठी वेखंड घेतलं होतं. त्यांना तासन्‌तास उलट्या झाल्याच्या नोंदी आहेत.

मला वाटतं, या सगळ्या इतिहासातला कळीचा मुद्दा हा आहे. उलटी तासाभरात दिसते, म्हणून परंपरेने ती पकडली. डीएनएवरचा घाव वीस-तीस वर्षांनी दिसला, तर त्याचा संबंध बाराव्या दिवशी चाटवलेल्या मुळीशी कोण जोडणार? अशी गोष्ट अनुभवाने कळूच शकत नाही, मग तो अनुभव दोन हजार वर्षांचा का असेना. त्यात आजीचा दोष नाही.

आणि आपला कायदा? तो दोन्हीकडे आहे. अन्नाला स्वाद आणण्यासाठी जे पदार्थ वापरायला भारतात मनाई आहे, त्या यादीत बीटा-असारोनचं नाव आहे. म्हणजे आइस्क्रीमला ते घालून चव आणता येत नाही. पण तीच मुळी औषधी म्हणून पुडीत बांधून मिळते, आणि ती जाते बाळाच्या तोंडात.

मग घरी काय करायचं? तोंडावाटे वेखंड नको, इतकं सोपं आहे. पहिले सहा महिने बाळाला आईचं दूधच पुरेसं असतं, पाणीसुद्धा लागत नाही. गॅसने बाळ रडत असेल तर खांद्यावर घेऊन ढेकर काढा, पाय पोटाकडे हलकेच दुमडा. टाळूवर वेखंडाची पूड भरायची पद्धतही सोडलेली बरी. बारीक पूड श्वासात जाते, आणि बाळाची श्वासनलिका केवढीशी असते! बंद खोलीतल्या धुरीचंही तसंच. वेखंडाला जागा हवीच असेल तर ती गोधड्यांच्या घडीत किंवा पुस्तकांच्या कपाटात द्या. तिथे ते खरंच काम करतं. जम्मूच्या संशोधकांनी १९७७ मध्ये 'नेचर'मध्ये दाखवलं होतं, की वेखंडातला एक घटक किड्यांची प्रजननक्षमता घालवतो. तो घटक म्हणजे हेच बीटा-असारोन.

बाळाला आधीच दिलं असेल तर घाबरू नका, फक्त इथून पुढे थांबा. पण दिल्यानंतर सारख्या उलट्या, खूप लाळ, न उठणारी झोप किंवा श्वासाला त्रास दिसला, तर वाट बघू नका. १०८ला फोन करा किंवा थेट दवाखाना गाठा, आणि तो तुकडा किंवा पावडरचं पाकीट सोबत न्या. डॉक्टरांना "गुटी दिली" एवढंच सांगू नका. गुटीत काय काय होतं, ते एकेक नाव घेऊन सांगा.

आणि आजीशी भांडू नका, बरं का. तिला म्हणा, "आजी, मालिश तूच कर, अंघोळ तूच घाल, अंगाई तूच म्हण. फक्त सहाणेवरून वेखंड काढून ठेवूया." तिने विचारलं, "का गं, तुला नव्हतं का दिलं?" तर हो म्हणा. आणि ३७ पटींचा तो हिशोब तिला कागदावर मांडून दाखवा. वळसे मोजणाऱ्या बाईला हिशोब कळतो.